लघुतम वर्गांची उकल: नॉर्मल समीकरणांकडून क्यू-आर अवयवांकडे

निरीक्षणे पुष्कळ आणि अज्ञात राशी थोड्या, अशी स्थिती वेधशाळेत, प्रयोगशाळेत आणि सरकारी सांख्यिकी दफ्तरात नित्याचीच असते. सोळा वर्षांचे आकडे हाती आहेत आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या सरळ रेषेचे दोन सहगुणक ठरवावयाचे आहेत, म्हणजे समीकरणे सोळा आणि अज्ञाते दोन. ही सोळाही समीकरणे एकाच वेळी तंतोतंत सुटणे सहसा शक्य नसते, आणि म्हणून प्रत्येक समीकरणात जी तफावत उरेल तिच्या वर्गांची बेरीज शक्य तितकी लहान व्हावी, अशी अट घालून उत्तर काढण्याचा प्रघात पडला. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात ही रीत प्रथम छापून प्रसिद्ध केली. गाउसने १८०९ च्या आपल्या ग्रंथात ती आपण १७९५ पासून वापरीत आहोत असे सांगितले, आणि त्यावरून अग्रमानाचा एक वादही माजला. त्या वादाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. आपला प्रश्न त्याहून व्यावहारिक आहे: अट एकदा कबूल केल्यानंतर उत्तर काढावयाचे कोणत्या मार्गाने?

मळलेली वाट अशी. निरीक्षणांची सारणी A मानावी, तिच्यात प्रत्येक निरीक्षणाची एक ओळ आणि प्रत्येक अज्ञाताचा एक स्तंभ. मोजलेल्या राशींचा स्तंभ y, आणि अज्ञातांचा स्तंभ x. तफावतींच्या वर्गांची बेरीज लहानात लहान करावयाची म्हणजे शिल्लक राहणारा सदिश A च्या प्रत्येक स्तंभाला लंब असला पाहिजे, आणि ही लंबत्वाची अट मांडली की नॉर्मल समीकरणे हाती येतात:

AᵀA x = Aᵀy

सोळा ओळींचा पसारा दोन समीकरणांत आवरला जातो, ती समीकरणे सममित असतात, आणि हाताने हिशेब करणाऱ्याला याहून अधिक सोयीचे ते काय असणार? भूमापनाच्या कामी नेमलेल्या शोलेस्की या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने असली सममित समीकरणे सोडविण्याची एक सुटसुटीत रीत बसविली होती. तो १९१८ साली युद्धात मारला गेला आणि त्याची रीत १९२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तात्पर्य, सुमारे दीडशे वर्षे लघुतम वर्ग आणि नॉर्मल समीकरणे यांचे नाते इतके घट्ट होते की पुष्कळांना ती एकच गोष्ट वाटे, आणि पाठ्यपुस्तके वाचणाऱ्याला ती आजही तशीच वाटते.

बीजगणितात त्या समीकरणांत काहीही उणे नाही. उणे आहे ते आकडेमोडीत. प्रत्येक यंत्र, मग ते टेबलावरचे असो की विजेवर चालणारे, संख्येचे ठराविकच सार्थ अंक जवळ ठेवते आणि उरलेले टाकून देते. आणि माझे म्हणणे एवढेच आहे की नॉर्मल समीकरणे सोडविण्यात जी अचूकता गमावली जाते असे आपण समजतो, ती खरोखर सोडविताना नव्हे तर ती समीकरणे मांडतानाच, म्हणजे AᵀA हा गुणाकार करून त्याचे अंक छाटले जातात त्या क्षणीच, गमावून झालेली असते. पुढे कितीही चोख रीत वापरली तरी गेलेले अंक परत येत नाहीत. क्यू-आर अवयवांच्या रीतीचे सारे महत्त्व यात आहे की ती हा गुणाकार करीतच नाही.

या विषयाच्या इतिहासात एक दाखला असा आहे की त्याच्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्यात काम करणाऱ्या जेम्स लाँगली याने १९६७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांचे अमेरिकेतील एकूण रोजगाराचे आकडे घेतले, आणि त्यांचा संबंध सहा राशींशी जोडला: किंमतींचा निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, बेकारांची संख्या, सैन्यदलांची संख्या, चौदा वर्षांवरील लोकसंख्या आणि स्वतः वर्ष. सहा राशी आणि एक स्थिरांक मिळून सात अज्ञाते. ओळी अवघ्या सोळा. हा हिशेब त्याने टेबलावरच्या यंत्रावर, भरपूर अंक राखून, काळजीपूर्वक हाताने केला आणि मग तोच हिशेब त्या काळी प्रचारात असलेल्या निरनिराळ्या संगणक-कार्यक्रमांना घालून पाहिला. कार्यक्रमांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, हाताच्या हिशेबाशी जुळली नाहीत, आणि काही सहगुणकांचा तर पहिला अंकही बरोबर आला नाही. सोळा ओळींचा हिशेब, जो जाडजूड यंत्राने क्षणात करावयाचा, तो चुकला होता. आणि यंत्रांनी चुकल्याची कोणतीही सूचना न देता आकडे नेटकेपणाने छापून दिले होते.

हे का घडले ते पाहण्यासाठी लाँगलीच्या सातही स्तंभांत शिरण्याची गरज नाही. त्यातले दोनच स्तंभ घेऊ: पहिला सोळा एककांचा, दुसरा १९४७ पासून १९६२ पर्यंतच्या वर्षांचा. म्हणजे रोजगार वर्षागणिक सरासरी किती वाढला, त्याची सरळ रेषा काढावयाची. रोजगाराचे आकडे हजारांत आहेत: १९४७ साली ६०,३२३, १९४८ साली ६१,१२२, असे चढउतार करीत १९६२ साली ७०,५५१. सोळांची बेरीज १०,४५,०७२ भरते आणि सरासरी बरोबर ६५,३१७ येते.

नॉर्मल समीकरणांना लागणाऱ्या बेरजा करू. निरीक्षणे १६, वर्षांची बेरीज ३१,२७२, वर्षांच्या वर्गांची बेरीज ६,११,२१,४६४. पहिल्या समीकरणाच्या साहाय्याने दुसऱ्यातून स्थिरांक काढून टाकला की रेषेच्या चढाचा छेद मिळतो, आणि तो असा:

६,११,२१,४६४ − (३१,२७२ × ३१,२७२) ÷ १६ = ६,११,२१,४६४ − ६,११,२१,१२४ = ३४०

सहा कोटींच्या दोन संख्या एकमेकींतून वजा केल्या आणि हाती उरले तीनशे चाळीस. वर्षे परस्परांपासून किती पसरलेली आहेत, या माहितीवरच चढ अवलंबून असतो, आणि ती सगळी माहिती आठ अंकी संख्येच्या शेवटच्या तीन अंकांत कोंबलेली आहे. पहिले पाच अंक फक्त एवढेच सांगतात की हा सगळा प्रकार विसाव्या शतकात घडला. मूठभर धान्याचे वजन काढण्यासाठी भरलेली बैलगाडी एकदा मुठीसकट आणि एकदा मुठीविना काट्यावर चढवावी, तसा हा व्यवहार आहे. आता अशी कल्पना करा की यंत्र फक्त पाच सार्थ अंक राखते. मग दोन्ही संख्या ६,११,२१,००० अशाच नोंदल्या जातात, वजाबाकी शून्य येते, आणि चढ काढण्यासाठी शून्याने भागण्याची पाळी येते. सहा अंक राखले तर ६,११,२१,५०० आणि ६,११,२१,१०० यांची वजाबाकी ४०० येते, म्हणजे छेदातच शेकडा सतरांहून अधिक चूक. आणि ही दुसरी स्थिती पहिलीपेक्षा वाईट म्हटली पाहिजे, कारण शून्याने भागताना यंत्र निदान थांबते, चुकीच्या छेदाने भागताना ते थांबत नाही.

येथे भूमितीच्या अंगाने थोडे पाहणे उपयोगाचे आहे. सोळा एककांचा स्तंभ आणि वर्षांचा स्तंभ हे सोळा मितींच्या अवकाशातले दोन सदिश समजले, तर त्यांच्यातला कोन केवळ आठ कला, म्हणजे एका अंशाच्या सातव्या भागाहूनही थोडा कमी भरतो. दोन्ही स्तंभ एकक लांबीचे करून घेतल्यावर या जवळजवळ समांतरपणाचे जे माप येते, ज्याला कंडिशन नंबर म्हणतात, ते सुमारे ८४८ आहे. त्याचा ढोबळ अर्थ असा की निरीक्षणांतली सापेक्ष चूक उत्तरात आठशे पट मोठी होऊन येऊ शकते, म्हणजे सुमारे तीन अंकांची अचूकता या प्रश्नाच्या जडणघडणीतच खर्ची पडते. तो खर्च कोणत्याही रीतीला चुकविता येत नाही. परंतु A ऐवजी AᵀA घेतली की या मापाचा वर्ग होतो, ८४८ चे सात लाखांहून अधिक होतात, आणि तीन अंकांच्या जागी सहा अंक खर्ची पडतात. पाच अंकी यंत्रापाशी सहा अंक नव्हतेच. सबब त्याच्या हाती शून्य आले. प्रश्नाचा न्याय्य खर्च तीन अंकांचा आणि रीतीने लादलेला फाजील खर्च आणखी तीन अंकांचा, असा हा हिशेब आहे, आणि क्यू-आरची रीत हा फाजील भाग वाचविते.

ती कशी वाचविते? कल्पना अशी की सोळा मितींच्या अवकाशात सबंध चित्र फिरविले किंवा आरशात उलटविले तर कोणत्याही सदिशाची लांबी बदलत नाही आणि कोणत्याही दोन सदिशांमधला कोन बदलत नाही. मग तफावतीची लांबीही बदलणार नाही, आणि ज्या x ला ती लहानात लहान होती त्याच x ला ती फिरविल्यानंतरही लहानात लहान राहील. तेव्हा असे फिरवू की A चे स्तंभ सोप्या जागी येऊन बसतील: पहिला स्तंभ पहिल्या अक्षावर, दुसरा पहिल्या दोन अक्षांच्या प्रतलात, आणि याप्रमाणे पुढे. असे केल्यावर A च्या जागी वर एक त्रिकोणी सारणी R उरते आणि तिच्याखाली सगळी शून्ये. ज्या फिरवण्याने हे साधले ते Q मध्ये असते, आणि A = QR असे अवयव पडतात. त्रिकोणी सारणी असल्यामुळे पुढची समीकरणे

R x = Qᵀy

ही खालून वर एकेक करून सुटतात: शेवटच्या ओळीत एकच अज्ञात, ते मिळाले की त्याच्या वरच्या ओळीत एकच नवे अज्ञात.

ही परावर्तने करण्याची आज सर्वमान्य असलेली पद्धत ऑल्स्टन हाउसहोल्डर याने १९५८ साली मांडली, आणि १९६५ मध्ये जीन गोलब याने लघुतम वर्गांच्या प्रश्नाला ती कशी लावावी याचा तपशील सिद्ध केला. लाँगलीचा निबंध त्यानंतर दोन वर्षांनी आला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. औषध तयार होते, परंतु दवाखान्यांत पोहोचले नव्हते.

आता आपल्याच दोन स्तंभांवर ही पद्धत चालवून पाहू. योगायोगाने आकडे असे आहेत की ती पेन्सिलीने चालविता येते. पहिला स्तंभ सोळा एककांचा, त्याची लांबी १६ चे वर्गमूळ, म्हणजे ४. तो पहिल्या अक्षावर नेऊन बसविणारा आरसा उभारण्यासाठी एक सदिश v घ्यावयाचा: स्तंभ जसाच्या तसा, फक्त त्याच्या पहिल्या अंकात लांबी मिळविलेली. म्हणजे पहिला अंक १ + ४ = ५, उरलेले पंधरा अंक १. येथे लांबी मिळवावी की वजा करावी असा पर्याय असतो, आणि नियम असा की पहिल्या अंकाचे जे चिन्ह असेल त्याच चिन्हाने मिळवावे. उलट केले आणि स्तंभ आधीच अक्षाच्या जवळ असला, तर येथेही दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी होऊन ज्या दोषातून सुटावयाचे तोच पुन्हा पदरी पडतो. v च्या अंकांच्या वर्गांची बेरीज २५ + १५ = ४०. आता कोणताही सदिश या आरशात पाहण्यासाठी v शी त्याचा गुणाकार करून बेरीज घ्यावी, तिला २० ने, म्हणजे चाळीसच्या निम्म्याने, भागावे, आणि आलेल्या संख्येने v ला गुणून ते त्या सदिशातून वजा करावे.

वर्षांच्या स्तंभाला हे लावू. v शी गुणाकारांची बेरीज: सोळा वर्षांची बेरीज ३१,२७२ आणि पहिल्या वर्षाचे आणखी चार वेळा ७,७८८, एकूण ३९,०६०. वीसाने भागून १,९५३. पहिल्या जागी १,९४७ मधून ५ × १,९५३ वजा होऊन −७,८१८ राहिले. आणि उरलेल्या पंधरा जागी १९४८ चे −५, १९४९ चे −४, असे करीत १९६२ चे ९ झाले. वाचकाने येथे क्षणभर थांबून या पंधरा आकड्यांकडे पाहावे. विसाव्या शतकाचा सगळा बोजा पहिल्या जागी एका संख्येत जाऊन बसला, आणि वर्षांचा पसारा, ज्यावर चढ अवलंबून, तो लहान आणि स्वच्छ संख्यांत मोकळा झाला. त्या पंधरा संख्यांच्या वर्गांची बेरीज घ्या: २५, १६, ९, ४, १, शून्य, आणि मग एकपासून नऊपर्यंतचे वर्ग, म्हणजे ५५ आणि २८५; बरोबर ३४०. तोच तीनशे चाळीस, परंतु या वेळी तो सहा कोटींच्या मागे दडलेला नाही, आणि तो मिळविताना पाच अंकी यंत्रालाही कोठे एक अंक टाकावा लागलेला नाही.

रोजगाराच्या स्तंभालाही तोच आरसा दाखवावयाचा. v शी गुणाकारांची बेरीज १२,८६,३६४, वीसाने भागून ६४,३१८.२, पहिल्या जागी −२,६१,२६८ आणि पुढे प्रत्येक आकड्यातून ६४,३१८.२ वजा. दुसरी पायरी पहिल्यासारखीच, पण पहिली ओळ आणि पहिला स्तंभ बाजूला ठेवून उरलेल्या पंधरा ओळींवर. −५ ते ९ या स्तंभाची लांबी १८.४३९, पहिला अंक ऋण असल्यामुळे v चा पहिला अंक −५ − १८.४३९ = −२३.४३९ घ्यावयाचा, आणि परावर्तनानंतर तो स्तंभ १८.४३९ या एका संख्येवर येतो. रोजगाराच्या स्तंभात त्या जागी १३,२११.८ येतात. R मध्ये मग पहिल्या ओळीत −४ आणि −७,८१८, दुसऱ्या ओळीत फक्त १८.४३९. खालून सुरुवात करू: चढ = १३,२११.८ ÷ १८.४३९ = ७१६.५१, म्हणजे रोजगार वर्षाला सुमारे सात लाख सोळा हजारांनी वाढत होता. आणि पहिल्या ओळीत ही किंमत घालून स्थिरांक −१३,३५,१०५ येतो. सबंध हिशेब पाच अंकी यंत्रावर केला तरी चढ ७१६.४ च्या जवळ येतो, कारण छाटणी फक्त १२,८६,३६४ सारख्या एखाद्या बेरजेत होते आणि तिचा परिणाम पहिल्या तीन अंकांपर्यंत पोहोचत नाही. त्याच यंत्रावर नॉर्मल समीकरणांनी शून्याने भागावयास लाविले होते.

कोणी म्हणेल की वर्षांतून त्यांची सरासरी १९५४.५ आधीच वजा करून घेतली असती तर नॉर्मल समीकरणेही चोख चालली असती. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याच्या खरेपणातच क्यू-आरचे मर्म आहे. एककांच्या स्तंभावरचे परावर्तन हे सरासरी वजा करण्याच्याच जातीचे काम करते. परंतु जाणत्या हिशेबनिसाने एका स्तंभाच्या बाबतीत स्वतःच्या अकलेने जी दक्षता घ्यावी, ती ही रीत प्रत्येक स्तंभाच्या बाबतीत आपोआप घेते: प्रत्येक नव्या स्तंभातला आधीच्या सर्व स्तंभांनी सांगून झालेला भाग वेगळा काढून, त्याचे स्वतःचे असे जे काही उरते ते खालच्या ओळींत मोकळे करते. लाँगलीच्या आकड्यांत हे महत्त्वाचे ठरते, कारण तेथे राष्ट्रीय उत्पन्न, किंमती, लोकसंख्या आणि वर्ष हे चारही स्तंभ एकमेकांबरोबर चढत जातात, आणि नुसती सरासरी वजा करून त्यांची परस्परांतली गुंतागुंत सुटत नाही. सातही स्तंभ एकक लांबीचे केल्यावर तेथील कंडिशन नंबर सुमारे ४३ हजार भरतो. त्याचा वर्ग सुमारे १८७ कोटी. म्हणजे नॉर्मल समीकरणांत नऊ अंक खर्ची पडतात. ज्या यंत्रांपाशी सात-आठच अंक होते त्यांच्या उत्तरांचा पहिला अंकही का चुकावा, याचा उलगडा यावरून होतो. आजचे संगणक सुमारे सोळा अंक राखतात, तेव्हा तेच आकडे त्यांना नॉर्मल समीकरणांच्या मार्गाने घातले तर सातेक अंक बरोबर येण्याची आशा असते, आणि क्यू-आरने अकराच्या आसपास. सात अंक रोजगाराच्या हिशेबाला पुरेसे आहेत असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण दहाव्या घाताची बहुपदी एखाद्या वक्रावर बसवू पाहणाऱ्याचे ते सातही अंक जातात, आणि गेल्याचे त्याला कळत नाही.

प्रत्यक्ष वापरात आणखी एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. Q ही सारणी सहसा पूर्ण लिहून काढण्याची गरज नसते. परावर्तनांचे सदिश जपून ठेवले, किंवा y हा स्तंभ A च्या शेजारी शेवटचा स्तंभ म्हणून जोडून सगळ्यांचे एकदमच परावर्तन केले, की पुरते. पायथनमध्ये हे दोन ओळींत होते:

```python
R = np.linalg.qr(np.column_stack([A, y]), mode='r')
x = np.linalg.solve(R[:n, :n], R[:n, n])
```

येथे n म्हणजे A च्या स्तंभांची संख्या, आणि R च्या शेवटच्या स्तंभातला कर्णावरचा अंक, चिन्ह सोडून, हीच तफावतीची लांबी. तिच्यासाठी वेगळा हिशेब करावा लागत नाही. आपल्या उदाहरणात तो ३,२३३.७ येतो, आणि चौदा मुक्त निरीक्षणांवर वाटला असता रेषेपासूनचे सर्वसाधारण अंतर ८६४ हजार निघते. सांख्यिकीच्या आर या भाषेतील `lm` हा आदेशही हाउसहोल्डरच्याच परावर्तनांनी उत्तर काढतो. ज्याने तो वापरला त्याने, नकळत का होईना, हीच वाट धरलेली असते.

या रीतीची किंमत किती? ओळी m आणि स्तंभ n असले तर नॉर्मल समीकरणांना ढोबळमानाने mn² + n³/3 इतक्या क्रिया लागतात, आणि हाउसहोल्डरच्या क्यू-आरला 2mn² − 2n³/3. ओळी स्तंभांहून फार अधिक असल्या तर काम जवळजवळ दुप्पट. ओळी आणि स्तंभ सारखे असले तर मात्र दोन्ही आकडे एकच येतात. म्हणून लाखो ओळी आणि थोडे, परस्परांपासून बरेच वेगळे असे स्तंभ असतील, तर नॉर्मल समीकरणे वापरण्यात काही गैर नाही, आणि तसे करणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. आधी सरासरी वजा करून घ्यावी आणि स्तंभ सारख्या लांबीचे करावेत, एवढे पथ्य पुरेसे असते. तेथे खातरजमा करण्याचा एक साधा उपाय आहे: वर्षांतून १९०० वजा करून तोच हिशेब पुन्हा करावा. चढ बदलता कामा नये. तो बदलला तर जितके अंक बदलले तितके आधीच्या उत्तरात खोटे होते. शोलेस्कीच्या रीतीत मध्येच ऋण संख्येचे वर्गमूळ काढण्याची वेळ आली तर तेही त्याच रोगाचे लक्षण समजावे, कारण खऱ्या AᵀA मध्ये तसे कधी होत नाही.

क्यू-आर नावाने ओळखली जाणारी प्रत्येक पद्धत सारखीच विश्वसनीय आहे, असेही नाही. पाठ्यपुस्तकांत ग्राम आणि श्मिट यांची जी जुनी कृती शिकविली जाते, तिच्यात एका स्तंभातून आधीचे सर्व भाग एकाच झटक्यात वजा केले जातात, आणि स्तंभ जवळजवळ समांतर असले की Q चे स्तंभ परस्परांना लंब राहत नाहीत. हा बिघाड कंडिशन नंबरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जो दोष टाळावयाचा तोच मागल्या दाराने आत येतो. एकेक भाग उरलेल्या सर्व स्तंभांतून लगेच वजा करणारी सुधारित कृती, y हा स्तंभही तिच्यात जोडून घेतला तर, पुरेशी विश्वसनीय आहे, हे स्वीडनच्या ऑके ब्यर्क याने १९६७ साली दाखवून दिले. परंतु ज्याला निवड करावयाची आहे त्याने हाउसहोल्डरचीच करावी, असे माझे मत आहे.

शेवटी, क्यू-आरकडून काय मागू नये तेही सांगितले पाहिजे. वर्गाचा दोष तिच्याने जातो, पण प्रश्नाच्या स्वतःच्या कमकुवतपणावर तिच्यापाशी उपाय नाही. लाँगलीच्या आकड्यांत ४३ हजारांचा कंडिशन नंबर आहे तो आहेच; रोजगाराच्या एखाद्या आकड्यात काही हजारांची चूक असली तर सहगुणक कितीही चोख मोजले तरी ते डळमळणारच, कारण एकमेकांबरोबर चढणाऱ्या राशींचे वेगवेगळे परिणाम सोळा वर्षांच्या माहितीतून वेगळे करता येण्यासारखे नाहीत. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की तफावत मोठी असली, म्हणजे y हा A च्या स्तंभांपासून बराच दूर असला, तर कंडिशन नंबरचा वर्ग खुद्द प्रश्नाच्याच संवेदनशीलतेत, तफावतीच्या प्रमाणात, शिरतो. तेथे क्यू-आरचा नॉर्मल समीकरणांवरचा वरचष्मा कमी होतो, कारण वर्ग त्या वेळी रीतीने आणलेला नसून प्रश्नानेच आणलेला असतो. आणि दोन स्तंभ इतके सारखे असले की R च्या कर्णावरचा एखादा अंक बाकीच्यांच्या मानाने नगण्य व्हावा, तर साधे क्यू-आर त्या अंकाने मुकाट्याने भागून प्रचंड सहगुणक देते. म्हणून उत्तर वाचण्याआधी R च्या कर्णाकडे पाहण्याची सवय ठेवावी, आणि शंका आली तर प्रत्येक पायरीला उरलेल्यांपैकी सर्वांत लांब स्तंभ पुढे आणणारी, अदलाबदलीसह चालणारी क्यू-आर, किंवा सिंग्युलर मूल्यांची अधिक खर्चिक कृती वापरावी. त्यांत हा सारखेपणा कर्णाच्या शेवटी एकवटून उघडा पडतो, आणि मग कोणता स्तंभ वगळावा हे ठरविण्याचे काम पुन्हा, यथायोग्य रीतीने, त्या आकड्यांचा अर्थ जाणणाऱ्याकडे येते.